घरची माय-ताय : तीन रम, बदामाचं सरबत आणि लिंबू (प्रकल्प नोंदी)

१ जून – काय करायचंय

चार जुलैच्या लाँग वीकेंडला आमच्याकडे बारा-पंधरा लोक येणार आहेत आणि त्यांना माय-ताय द्यायची, तीही बाटलीतलं रेडिमेड मिक्स न वापरता, असं ठरवलंय. आम्ही राहतो कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला, म्हणजे जिथे हे ड्रिंक जन्मलं त्या ओकलंडपासून गाडीने अर्धा-पाऊण तास. व्हिक्टर बर्जरॉन, ज्याला सगळे ट्रेडर व्हिक म्हणतात, त्याने १९४४ मध्ये ओकलंडच्या आपल्या रेस्टॉरंटमध्ये हे पहिल्यांदा बनवलं. त्यात अननसाचा ज्यूस नव्हता, संत्र्याचा नव्हता, वर छत्रीपण नव्हती. सतरा वर्षं जुनी जमैकन रम, ताजं लिंबू, ऑरेंज क्युरासाओ हे संत्र्याच्या सालीचं लिक्युअर, थोडा खडीसाखरेचा पाक आणि ऑर्जा, म्हणजे बदामाचं घट्ट सरबत. बस, पाच गोष्टी.

गोची अशी आहे की ती सतरा वर्षांची रम संपली. म्हणजे आज दुकानात मिळत नाही असं नाही, तर ट्रेडर व्हिकच्याच हयातीत संपली, ड्रिंक इतकं चाललं की साठाच उरला नाही. मग तो पंधरा वर्षांच्या रमवर आला, तीपण पुरेना म्हणून त्यात दुसऱ्या जमैकन रम मिसळायला लागला आणि शेवटी जमैकन आणि मार्टिनिकची रम एकत्र करून आधीची चव जवळपास उभी केली. म्हणजे दोन-तीन रम मिसळणं हे टिकी, म्हणजे पॉलिनेशियन थाटाच्या बारमधल्या, ड्रिंकचं नुसतं शोभेचं काम नाही, माय-तायमध्ये तरी ते हरवलेल्या एका रमची जागा भरायला आलं. (रम मिसळायची कल्पना त्याच्याही आधीची आहे, हॉलिवूडमध्ये डॉन द बीचकोंबर हा बारवाला १९३४ पासून झोंबी नावाच्या ड्रिंकमध्ये तीन-तीन रम घालत होता, आणि एका गिऱ्हाइकाला दोनच्या वर देत नसे.)

माझं काम तेच आहे, आज सहज मिळणाऱ्या बाटल्यांतून ती जागा भरायची. या नोंदी ज्यांना घरी करायचंय त्यांच्यासाठी, काय बिघडलं ते जास्त लिहीन.

२ जून – खरेदी

चार बाटल्या घेतल्या. ॲपलटन इस्टेट बारा वर्षं (जमैका, ४३ टक्के), स्मिथ अँड क्रॉस (जमैकाच, पण ५७ टक्के आणि पूर्ण पॉट स्टिलची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या भांड्याच्या भट्टीत काढलेली), क्लेमाँ व्हीएसओपी (मार्टिनिक, ४० टक्के) आणि पिएर फेराँ ड्राय क्युरासाओ (४० टक्के). सगळं मिळून साधारण दीडशे डॉलरच्या वर गेलं. क्युरासाओवर पैसे वाचवायचा विचार आला होता कारण शेजारच्याच फळीवर दहा डॉलरचं ट्रिपल सेक, तेही संत्र्याचंच लिक्युअर, होतं, पण त्याच्या लेबलवर १५ टक्के अल्कोहोल लिहिलंय, म्हणजे बाकी पाणी आणि साखर. तेवढी साखर आली की पुढचं सगळं माप हलतं, म्हणून नाही घेतलं.

बदाम घरात होतेच. ऑरेंज ब्लॉसम वॉटर इराणी दुकानात मिळालं, पाच डॉलरची बाटली, ती वर्षभर पुरेल.

३ जून – ऑर्जा, पहिला घाणा

दोनशे ग्रॅम बदाम उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून गार पाण्यात टाकले, सालं चिमटीत धरली की सुटतात. मग चारशे मिली पाणी घालून मिक्सरमध्ये एकदम गंध होईपर्यंत वाटले, मलमलच्या फडक्यातून पिळले आणि जेवढं दूध निघालं तेवढीच साखर घालून गॅसवर ठेवलं. बासुंदीची सवय असल्याने उकळी येऊ दिली.

बिघडलं, आणि दोन ठिकाणी बिघडलं. एक तर वाटण इतकं बारीक होतं की फडक्यातून चोथापण आला, बाटलीच्या तळाशी दोन बोटं गाळ बसला आणि ड्रिंकमध्ये तो जिभेला खडूसारखा लागतो. दुसरं, उकळीमुळे बदामाचं तेल फुटून वर तवंग आला आणि खाली पातळ साखरपाणी राहिलं, हलवलं तरी एकत्र होईना. वासपण शिजवलेल्या बदामाचा आला, म्हणजे बदामाच्या शिऱ्याला छान पण इथे नको. बदामाच्या दुधात तेलाचे अगदी बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात आणि बदामातलं प्रोटीन त्यांना धरून ठेवतं, जास्त उष्णतेने ते प्रोटीन शिजतं आणि पकड सुटते. म्हणून हे उकळायचं नाही.

घाणा फेकला नाही, मुलांच्या दुधात संपवतोय.

५ जून – दुसरा घाणा, हा जमला

तेच दोनशे ग्रॅम, पण या वेळी सोललेले बदाम आधी रवाळ कुटल्यासारखे पल्सवर फिरवले, थांबत थांबत, आणि मग चारशे मिली कोमट पाण्यात चार तास भिजत ठेवले. भिजल्यामुळे चव उतरते, बारीक वाटायची गरज राहत नाही. फडक्याची दुहेरी घडी करून पिळलं. साधारण ३२० मिली दूध मिळालं.

साखर या वेळी दुधाच्या वजनाच्या दीडपट घातली, म्हणजे ४८० ग्रॅम. एकास एक घातली की सरबत पातळ राहतं आणि फ्रीजमध्ये लवकर आंबतं. गॅस वापरलाच नाही, दूध आणि साखर परत मिक्सरमध्ये टाकून मंद स्पीडवर थांबून थांबून फिरवलं, पाच-सात मिनिटांत साखर विरघळली. बोटांत घेऊन चोळायचं, कण लागला की परत फिरवायचं.

आता वासाचं. नुसत्या गोड बदामाला आपण ज्याला बदामाचा वास म्हणतो तो जवळजवळ नसतोच, तो कडू बदामाचा असतो. जुन्या पद्धतीत थोडे कडू बदाम घालत, पण कच्च्या कडू बदामातून आणि जर्दाळूच्या बियांतून सायनाइड तयार होतं, त्यामुळे घरी तो प्रयोग करू नका, कितीही कोणी सांगितलं तरी. दुकानातला आल्मंड एक्स्ट्रॅक्ट घ्यायचा. पाव चमचा घातला, चव घेतली, अजून थोडा घातला, एकूण अर्ध्या चमच्याच्या आत. जास्त झाला तर सरबताला नेलपॉलिश रिमूव्हरकडे जाणारा वास येतो आणि तो काढता येत नाही. ऑरेंज ब्लॉसम वॉटर एक चमचा. शेवटी टिकायला म्हणून ३० मिली रम.

साधारण सहाशे मिली ऑर्जा झालं. एका ग्लासाला १५ मिली लागतं म्हणजे चाळीस ग्लास. खर्च चार-पाच डॉलर.

६ जून

सकाळी बाटलीच्या वर पांढरा घट्ट थर आला होता. हा बिघाड नाही, घरच्या ऑर्जामध्ये फॅट वर येऊन गारव्याने घट्ट होणारच, जोरात हलवलं की एकजीव होतं. पहिल्या घाण्यात हलवूनही एक होत नव्हतं, फरक तिथे आहे. खराब झालं की आंबूस वास येतो आणि झाकण उघडताना फुस्स होतं, मग सरळ ओतून द्यायचं. फ्रीजमध्ये दोन आठवडे धरून चालतेय, म्हणून पार्टीसाठी जूनच्या शेवटी नवीन करावं लागेल.

७ जून – पाक

कृतीत रॉक कँडी सिरप म्हणतात ते म्हणजे खडीसाखरेचा पाक. घरात देवाजवळची खडीसाखर होती, तीच घेतली, पण खरं सांगायचं तर साध्या साखरेचाही चवीला तोच होतो, खडीसाखर शेवटी साखरच. मुद्दाम विकत आणू नका.

दोनशे ग्रॅम साखर, शंभर मिली पाणी, गरम करून विरघळली की बंद. हातच्या सवयीने एकतारीपर्यंत नेऊ नका. मी एक वाटी नेऊन बघितली, दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाला खडे जमले, कारण खोलीच्या तापमानाला पाण्यात साधारण दोनास एक इतकीच साखर मावते आणि एकतारीत पाणी त्याहून कमी उरतं.

८ जून – पहिला पूर्ण ग्लास

ट्रेडर व्हिकचं माप असंच ठेवून: रम ६० मिली (आज फक्त ॲपलटन), क्युरासाओ १५, ऑर्जा १५, पाक ७.५, एका लिंबाचा रस, जो माझ्या लिंबात २५ मिली निघाला.

गोड झालं. पहिला घोट छान, तिसऱ्या घोटाला गोडाचा कंटाळा. कारण सापडलं, ते ऑर्जामध्ये आहे. मी साखर दीडपट घातलीय, त्यामुळे एकास एक असलेल्या ऑर्जापेक्षा १५ मिलीमागे साधारण सव्वादोन-अडीच ग्रॅम साखर जास्त जातेय, आणि पाकाच्या अडीच मिलीत तेवढीच साखर असते. म्हणून पाक ७.५ वरून ५ वर आणला. लगेच बसलं. लिंबू वाढवूनही गोड मोडता आलं असतं पण मग बदाम दबतो, ते करून बघितलं.

इथून पुढे क्युरासाओ १५, ऑर्जा १५, पाक ५, लिंबू २५ हे पक्कं. रमला हात लावायच्या आधी हे पक्कं करणं फार गरजेचं आहे, नाहीतर ग्लास चुकला तर रम चुकली की साखर ते कळत नाही.

९ जून – बर्फ

नवऱ्याने फ्रीजच्या दारातल्या क्रश्ड बर्फाने एक ग्लास बनवला आणि मी हाताने फोडलेल्या बर्फाने. त्याचा दहा मिनिटांत पाणचट. दारातला बर्फ ओला असतो, प्रत्येक तुकड्यावर आधीच वितळलेलं पाणी, ते शेक करतानाच आत जातं. मी फ्रीझरमधले कोरडे क्यूब जाड कॅनव्हासच्या पिशवीत घालून बत्त्याने फोडते, वितळलेलं पाणी कापड पितं, बर्फ कोरडा राहतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत फोडला तर तो फायदा नाही आणि पिशवी फाटते.

दीड कप बर्फ शेकरमध्ये, आठ-दहा सेकंद, बाहेरून दव धरलं की बास. मग न गाळता सगळं बर्फासकट ग्लासात.

१४ जून – एकेक रम वेगळी

आजपासून खरं काम. प्रत्येक रमचा वेगळा ग्लास करायचा होता पण पूर्ण मापाने केलं तर तिसऱ्या ग्लासाला जीभ आणि डोकं दोन्ही कामाचं राहणार नाही, म्हणून सगळं पाव केलं: रम १५ मिली, बाकी त्याच प्रमाणात, मुलांच्या औषधाच्या सिरिंजने मोजून. चव घ्यायची, गुळणी, पाणी, पुढचा ग्लास.

फक्त ॲपलटन: सुरेख गोलाई आहे, संत्र्याची साल, लाकूड, पण लिंबू आणि बर्फ पडला की मागे सरकते. गिळल्यावर बदाम आणि लिंबूच उरतं, रम कुठे गेली असं वाटतं. चाळीसएक टक्क्यांची मऊ रम एकटीने हे ड्रिंक उचलू शकत नाही.

फक्त स्मिथ अँड क्रॉस: उलटा प्रकार. अतिपिकलेलं केळं, अननस, थोडं जळकं. बदाम पूर्ण गायब, क्युरासाओपण. या रममध्ये एस्टर खूप असतात, मळी बरेच दिवस आंबवतात आणि पॉट स्टिलमध्ये काढतात त्यामुळे तो फळांचा वास टिकून राहतो. नवऱ्याला हाच ग्लास आवडला, पण "याला माय-ताय म्हणायचं का?" असं त्यानेच विचारलं.

फक्त क्लेमाँ: ही मळीची नाही, ताज्या उसाच्या रसाची, मार्टिनिकची आग्रिकोल. नाकाला लावली की रसवंतीच्या दारात उभं राहिल्यासारखं, हिरवट, ओलं, गवताचं. लिंबाशी इतकी छान जुळते की विचारू नका. पण एकटी असली की ड्रिंक कोरडं आणि टोकदार होतं, बदाम आणि ती दोन बाजूंना तोंड करून बसतात.

आजची शिकवण इतकीच की प्रत्येकीचं काम वेगळं आहे. ॲपलटन अंग देते, स्मिथ अँड क्रॉस आवाज देते, क्लेमाँ गोडाला कोरडं करते. आता कोण किती.

१५ जून – मार्टिनिकबद्दल एक खुलासा

बऱ्याच ठिकाणी "जमैकन आणि आग्रिकोल अर्धी-अर्धी" हीच मूळ कृती म्हणून फिरते. ट्रेडर व्हिकने मार्टिनिकची रम घातली हे खरं, पण ती उसाच्या रसाची होती असं धरून चालू नये. सॅन फ्रान्सिस्कोत स्मगलर्स कोव्ह चालवणारा मार्टिन केट आणि इतर जाणकारांचं म्हणणं असं की तेव्हा अमेरिकेत येणारी मार्टिनिकची रम मळीची, गडद, जड अशी असायची. मला ते पटतं कारण आग्रिकोलच्या हिरवट चवीने सतरा वर्षं जुन्या जमैकन रमची आठवण कशी येईल. डेनिझनची मर्चंट्स रिझर्व्ह म्हणून एक बाटली मिळते, तीत जमैकन रम आणि मार्टिनिकची मळीची रम आधीच मिसळलेली असते, एकच बाटली घ्यायची असेल त्यांनी ती बघावी. मी आग्रिकोल ठेवतेय ते इतिहास म्हणून नाही, चव म्हणून.

२१ जून – प्रमाण

आधी कागदावर न करता नुसत्या रम मिसळून वास घेतला. सरळ बाटलीतली रम हुंगली तर अल्कोहोलच नाकात जातं, म्हणून मिश्रणात जवळजवळ तितकंच पाणी घालून वीसेक टक्क्यांवर आणायचं, मग मागचे वास उघडतात. रम ब्लेंड करणारे लोकही पाणी घालूनच वास घेतात.

तिन्ही सारख्या, २०-२०-२०: स्मिथ अँड क्रॉसच मालकीण. बाकी दोघी आहेत हे आधी माहीत असेल तरच सापडतात. ती ५७ टक्क्यांची आहे हे विसरून चालत नाही, सारख्या मापात ती अल्कोहोलनेही जास्त आणि वासाने तर फारच जास्त.

ॲपलटन ४०, बाकी दोन्ही १०-१०: सभ्य, नीट, पण बर्फ थोडा वितळला की परत १४ जूनचा फक्त ॲपलटनचा ग्लास.

ॲपलटन ३०, क्लेमाँ ३०, जी इंटरनेटवरची अर्धी-अर्धी: पहिला घोट सगळ्यात फ्रेश, पण बदामाचा शेवट येतच नाही. ज्यांना ऑर्जा फार आवडत नाही त्यांना हीच आवडेल.

ॲपलटन ३०, स्मिथ अँड क्रॉस १५, क्लेमाँ १५: हे. आधी लिंबू आणि ऊस, मग मधे केळं-अननस थोडंसं, अननसाचा थेंब नसताना, आणि गिळल्यावर बदाम. पंधरा मिनिटं ग्लास तसाच ठेवला, बर्फ बराच वितळला, तरी रम जागेवर. माझ्या लेखी कसोटी हीच, पहिला घोट कुठलाही ब्लेंड छान देतो, अर्धा ग्लास झाल्यावर काय उरतं ते बघायचं.

एका ग्लासात किती जातंय तेही मोजलं. रम आणि क्युरासाओ मिळून शुद्ध अल्कोहोल साधारण २६ ग्रॅम, अमेरिकेत एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम धरतात. म्हणजे हा एक ग्लास जवळजवळ दोन ड्रिंक आहे आणि लागतो सरबतासारखा. पार्टीत हे आधी सांगणार.

२२ जून – दादाचा प्रश्न

पुण्याहून दादाचा मेसेज, "अगं, हे सगळं इथे कुठून आणू, ओल्ड मंकने होईल का?" इथे इंडियन स्टोअरजवळच्या दुकानात ओल्ड मंक मिळते म्हणून करून बघितलं. पूर्ण ६० मिली घातली तर व्हॅनिला बदामाच्या वर बसतो, दोन्ही एकाच जातीचे वास असल्याने ड्रिंक मिठाईकडे जातं. पण १५ मिली ठेवून बाकी ४५ एखादी कोरडी, कमी गोड रम घेतली तर व्हॅनिला मागून येतो आणि वाईट नाही लागत. आणि पाक पूर्ण बंद. दादाला तसं कळवलं.

दुसरी गोष्ट त्याला लिहिली ती लिंबाची. इथलं लिंबू म्हणजे मोठं, बिनबियांचं पर्शियन लाइम. आपलं कागदी लिंबू त्याहून आंबट आणि सालीला कडू. २५ मिलीऐवजी २० पासून सुरू करायचं आणि पिळताना साल जास्त दाबायची नाही, तिचं तेल उतरलं की कडवट होतं.

२३ जून – अननस आणि वरचा काळा थर

येणाऱ्यांपैकी निम्मे लोक हवाईला जाऊन आलेत आणि त्यांच्या डोक्यात माय-ताय म्हणजे अननस, वर काळ्या रमचा थर. हेही खोटं नाही, १९५३ मध्ये ट्रेडर व्हिकने मॅटसन या जहाज कंपनीच्या हॉटेलांसाठी हे ड्रिंक हवाईला नेलं आणि तिथे पुढे अननस आला. तर दोन्ही करून बघितलं.

अननसाचा ज्यूस ३० मिली घातला की पाक पूर्ण काढायचा आणि लिंबू ३० करायचं, नाहीतर पन्हं होतं. कॅनमधला चालतो पण ताजा गाळलेला असेल तर वर छान फेस येतो. चव चांगली आहे, पण ऑर्जा ओळखू येत नाही, मग बदाम सोलायचे कष्ट कशाला. अननसवाल्यांसाठी क्लेमाँ काढून तिथे ॲपलटनच वाढवली, आग्रिकोल अननसाखाली वाया जाते.

काळ्या थरासाठी एल डोराडो बारा वर्षं, गयानाची डेमेरारा रम, एका मित्राने दिली. १५ मिली चमच्याच्या पाठीवरून हळू बर्फावर सोडायची. खालचं मिश्रण साखर-रसामुळे जड असतं आणि रम अल्कोहोलमुळे हलकी, म्हणून वर राहते. रम स्वतः जितकी गोड तितकी ती लवकर खाली झिरपते, माझा थर दोनेक मिनिटांत धूसर झाला. चवीचं म्हणाल तर स्ट्रॉ असेल तर थर शेवटी येतो आणि स्ट्रॉ नसेल तर पहिला घोट नुसती रम, बदाम-लिंबाशी तिची ओळखच होत नाही. शिवाय हे १५ मिली वरून जास्तीचे घातले की ग्लास आणखी कडक होतो, घालायचेच तर ६० मधून कमी करा. मी देणार ते थराशिवाय, मागेल त्याला थर.

२९ जून – बॅच

बाटलीत काय आधी मिसळून ठेवायचं ते ठरवायला एक छोटी चाचणी. सगळंच एकत्र करून तासभर ठेवलं तर वर बारीक पांढरे कण आले. लिंबाच्या आंबटाने बदामाचं दूध फाटतं, ताज्या शेकमध्ये ते दिसत नाही कारण आपण लगेच पितो. म्हणून ऑर्जा आणि लिंबू आधी एकत्र करायचं नाही, हे लिहून फ्रीजवर लावलं.

फक्त रम मिसळून ठेवल्या. बारा ग्लासांना ॲपलटन ३६० मिली, स्मिथ अँड क्रॉस १८०, क्लेमाँ १८०, एकूण ७२०, रिकाम्या साडेसातशेच्या बाटलीत बरोबर मावतं. आता पार्टीत तीन बाटल्या उघडायच्या नाहीत, यातून ६० मोजायचे. दोन दिवस ठेवल्यावर मिश्रण जास्त एकजीव लागलं, ५७ टक्क्यांची टोचणी कमी वाटली.

ऑर्जाचा नवीन घाणा आजच केला, ५ जूनच्या पद्धतीने. एक्स्ट्रॅक्ट मोजून पाऊण पाव-चमचा दोनदा, सारखाच आला.

४ जुलै – प्रत्यक्ष

आल्या आल्या प्रत्येकाला विचारलं की सुकामेव्याची ॲलर्जी आहे का, एका काकूंना होती. क्युरासाओ आणि रम त्यांना चालत होती म्हणून ऑर्जाऐवजी पाक १५ मिली करून वेगळ्या, धुतलेल्या शेकरमध्ये बनवली. हे विचारल्याशिवाय कोणालाही देऊ नका, ग्लासात बदाम आहेत हे दिसत नाही.

लिंबं दुपारी पिळली, संध्याकाळपर्यंत फ्रीजमध्ये बंद डब्यात. आदल्या दिवशी पिळलेला रस मी मुद्दाम थोडा ठेवून चाखला, धातूसारखा आणि मंद लागतो.

एका वेळी दोन ग्लास शेक होतात, तीन करायला गेलं की बर्फ कमी पडतो आणि ग्लास कोमट येतो. पिळलेल्या लिंबाची अर्धी वाटी उपडी वर, शेजारी पुदिन्याचा तुरा, हातावर एकदा आपटून. पुदिना प्यायचा नाही, नाकाशी यायला हवा म्हणून ग्लास तुऱ्याच्या बाजूनेच धरायला सांगितलं. इथे आळस करू नका, ऑर्जा आणि पुदिना एकत्र आले की बदामाचा वास दुप्पट कळतो.

अननसवाले तिघेच निघाले. बाकीच्यांनी पहिला ग्लास घेतल्यावर दुसराही तसाच मागितला. सासऱ्यांनी, जे एरवी संध्याकाळी ठरलेली एकच व्हिस्की घेतात, रमची बाटली उघडून हुंगली आणि "यात ऊस आहे" म्हणाले, म्हणजे क्लेमाँचे १५ मिली पोचले.

६ जुलै – हिशोब आणि पुढचं

एका ग्लासाचा खर्च पावणेपाच डॉलरच्या आसपास, त्यात ॲपलटन एक डॉलर सत्तर सेंट, क्लेमाँ नव्वद, स्मिथ अँड क्रॉस सत्तर, क्युरासाओ पासष्ट, बाकी ऑर्जा, लिंबू, पुदिना. सगळ्यात जास्त वेळ बदाम सोलण्यात गेला, सोललेले विकत घेतले तर तासभर वाचतो आणि चवीत मला फरक लागला नाही, पुढच्या वेळी तेच घेणार. काप केलेले घेऊ नका, ते बरेचदा जुने असतात आणि खवट तेल सरळ सरबतात येतं.

ऑर्जा विकतचं वापरणार असाल तर बाटलीमागची साखर वाचा आणि पाक ७.५ पासून सुरू करून चाखत खाली या. रमचं ३०-१५-१५ मात्र तसंच ठेवा, ऑर्जामध्ये एक्स्ट्रॅक्ट फार भडक असेल तरच स्मिथ अँड क्रॉस २० आणि ॲपलटन २५ करा. मिसळलेली रम थोडी उरलीय, ती छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवली, मोकळ्या जागेतल्या हवेने वास उडतो. ऑर्जा १३ जुलैपर्यंत वापरायचं, तारीख झाकणावर लिहिलीय.